रजेच्या अर्जाची पहिली ओळ



‘व्यवहारातील मराठी’ या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातला अगदी छोटा तुकडा घेणार आहे. पालकाने मुख्याध्यापकांना लिहिलेला रजेचा अर्ज, आणि त्यातही फक्त वरचा भाग : पत्ता, विषय, मायना आणि पहिली दोन वाक्ये. बेळगावकडच्या एका मराठी शाळेत वर्गशिक्षिका म्हणून काम करताना असे अर्ज माझ्या टेबलावरून रोज जात असत. त्यातल्या एका अर्जाने मला जे शिकवले, तेच आज सांगायचे आहे.

नोकरीची पहिली वर्षे होती. सहावीतल्या एका मुलीच्या आईने वहीच्या पानावर अर्ज लिहून पाठवला होता. त्याची सुरुवात अशी होती :

‘प्रति, मा. मुख्याध्यापक साहेब. विषय : सुट्टी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझ्या मुलीला कालपासून ताप आहे. ती उद्या आणि परवा शाळेत येऊ शकत नाही.’

मी नवी होते आणि हातात लाल पेन होते. ‘करतो’ला गोल करून शेजारी ‘करते’ असे लिहिले आणि अर्ज परत पाठवला. दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा आला, पण अक्षर वडिलांचे होते. त्यानंतर वर्षभर त्या घरातून आलेली प्रत्येक चिठ्ठी वडिलांच्या अक्षरात होती. आई लिहायची थांबली होती.

आता या अर्जात खरोखर काय चुकले होते ते ओळीने पाहू. वरून सुरुवात करू.

‘प्रति’ म्हणजेच ‘यांना’. म्हणून ‘प्रति’ लिहिल्यावर खाली पुन्हा ‘यांस’ लिहायची गरज नसते. त्याखाली पद, शाळेचे नाव, गाव. ‘साहेब’ नको, कारण अर्ज पदाला असतो. मुख्याध्यापक रजेवर असतील तर प्रभारी शिक्षक तोच अर्ज हाती घेतात आणि तो त्यांनाही तितकाच लागू पडतो. पदाचे नाव मात्र शाळेच्या फलकावर असेल तेच लिहावे. आपल्या बृहन्महाराष्ट्रात इथेच गोंधळ होतो. बेळगावात कन्नड शाळेत ‘मुख्योपाध्याय’ असतात, बडोद्यात गुजराती शाळेचे प्रमुख ‘आचार्य’ असतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘प्राचार्य’. मराठीत शाळेच्या प्रमुखाला मुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापिका म्हणतात आणि प्राचार्य हा शब्द बहुधा महाविद्यालयासाठी ठेवतात. पण इंदूरच्या पालकाने शाळेच्या प्रमुखांना ‘प्राचार्य’ लिहिले तर ती चूक नव्हे, तिथे त्या पदाचे नावच ते आहे.

नंतर विषयाची ओळ. त्या आईने ‘सुट्टी’ लिहिले होते. मराठीत सुट्टी आणि रजा यांत एक उपयोगी भेद आहे. सुट्टी शाळा सगळ्यांना देते : दिवाळीची, रविवारची. रजा एकट्याने मागायची असते. ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी संमतीचा अर्थ आहे. जुन्या माणसांच्या ‘आता रजा घेतो’ या बोलण्यात तो अजून ऐकू येतो. म्हणजे ‘रजा’ म्हटले की परवानगी मागणे त्यातच आले. गंमत अशी की आमच्या शेजारच्या कन्नडमध्ये ‘रजे’ आणि गुजरातीत ‘रजा’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. त्यामुळे दोन भाषांत वावरणाऱ्या पालकाच्या हातून मराठीतला हा भेद सहज पुसला जातो. तो शिकवावा, पण त्यासाठी अर्ज परत पाठवू नये. ‘मिळणेबाबत’ ही जुनी कचेरीची घडण आहे. बोलताना आपण ‘मिळण्याबद्दल’ म्हणतो, तसे लिहिताना ‘मिळण्याबाबत’ लिहावे. विषयाच्या ओळीत मुलीचे नाव आणि इयत्ता घातली तर कारकुनाला खाली वाचावेच लागत नाही : ‘कु. अ. ब. क., इयत्ता सहावी ब, हिला तीन दिवस रजा मिळण्याबाबत.’

आता मायना. जुन्या पत्रांत आधी ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे, आणि त्याची ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे आपल्या आजोबांच्या पत्रांत आपण पाहिली आहेत. त्यात नमस्कार आधी आणि विनंती मागून येत असे. कचेरीच्या अर्जात तो सगळा नमस्कार ‘महोदय’ या एका शब्दात आला. म्हणून ‘महोदय’ लिहिल्यावर पुन्हा ‘सादर प्रणाम’, ‘सविनय निवेदन’ लिहू नये. इंदूरकडच्या अर्जांत ‘सविनय निवेदन आहे की’ दिसते, ती हिंदीतल्या ‘सविनय निवेदन है कि’ची सावली आहे. अर्थ कळतो, पण मराठीत त्या जागी ‘विनंती’ हा शब्द आधीपासून बसलेला आहे. शिवाय पत्ता पदाला असला तरी मायना समोरच्या व्यक्तीला असतो. मुख्याध्यापिका असतील तर ‘महोदया’. आमच्या शाळेत तेव्हा मुख्याध्यापिकाच होत्या, आणि त्या आईने ‘मुख्याध्यापक साहेब’ आणि ‘महोदय’ लिहिले होते. तिकडे माझे लक्षही गेले नाही. मी ‘करतो’वरच अडले.

आता त्या ‘करतो’कडे येऊ. मराठीत ‘मी’ म्हटले तरी क्रियापद लिंग सांगून टाकते : तो ‘करतो’, ती ‘करते’. पाठ्यपुस्तकातला नमुना बहुतेक वेळा मुलाच्या नावाचा असतो, म्हणून तिथे ‘करतो’ असते. आई तोच नमुना उतरवते आणि चूक होते, असे मी समजले होते. पण बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात अनेक बायका घरी ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी करतो’ असेच बोलतात. माझी आई तसेच बोलत असे. म्हणजे मी ज्याला लाल गोल केला तो त्या बाईचा नकलेचा दोष नव्हता, तिची बोली होती, आणि ती माझीही होती. प्रमाण मराठीत अर्ज लिहायचा तर ‘करते’ शिकवायलाच हवे, हे मी आजही म्हणते. पण मुलगी तापाने फणफणली असताना आईच्या अर्जावर ते शिकवायचे नसते.

त्यावर एक साधा उपायही आहे, तो मला फार उशिरा सुचला. ‘करत आहे’ या रूपात लिंग दिसत नाही. ‘मी अर्ज करत आहे’ हे आई लिहू शकते, वडील लिहू शकतात, आजोबाही लिहू शकतात. ‘माझी विनंती आहे की’ हेही तसेच. नमुना फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी हे रूप दिले तर तो सगळ्यांना चालतो.

दुसरी गोष्ट पहिल्या वाक्यातल्या नात्याची. शाळेत आपण विद्यार्थ्याचा अर्ज शिकवतो : ‘मी आपल्या शाळेत सहावीत शिकत आहे.’ पालकाचा अर्ज आपण क्वचितच शिकवतो. मग तेच विद्यार्थी मोठे होऊन पालक झाले की जुनाच नमुना आठवतो, आणि चाळिशीतला बाप खाली ‘आपला आज्ञाधारक’ अशी सही करतो. पालक आज्ञाधारक नसतो. तो शाळेशी बरोबरीने बोलणारा, मुलाची जबाबदारी घेणारा माणूस असतो. ‘आपली नम्र’ किंवा ‘आपला विश्वासू’ पुरे. पहिल्या वाक्यात त्याने आपण कोण आणि मूल कोणते हे सांगावे. ‘माझी मुलगी’ एवढे पुरत नाही, कारण एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतात. पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक हवा. आजोबा किंवा मामा लिहीत असतील तर ‘पाल्य’ हा शब्द कामाचा आहे, आईवडिलांनी ‘मुलगा’, ‘मुलगी’ लिहावे. काही अर्जांत ‘माझे पालक इयत्ता सहावीत आहेत’ असे वाचले आहे. पाल्य म्हणजे ज्याला सांभाळायचे तो, पालक म्हणजे सांभाळणारा.

तिसरी गोष्ट तारखांची, आणि अर्जातली खरी चूक हीच होती. ‘काल’, ‘उद्या’, ‘परवा’. अर्जावर तारीख नव्हती, आणि तो माझ्या हाती एक दिवस उशिरा आला. मग उद्या म्हणजे कोणता दिवस? हजेरीपटात मी चुकीच्या दिवशी रजा मांडली आणि एका दिवसाची गैरहजेरी त्या मुलीच्या नावावर विनाकारण चढली. ‘१२ पासून १५ पर्यंत’ असे लिहिले तरी शंका उरते की १५ला मूल येणार की नाही. म्हणून दोन्ही टोके धरून दिवस मोजावेत आणि परत येण्याचा दिवस वेगळा लिहावा. काळही पाहावा. रजा आधी मागत असू तर ‘येऊ शकणार नाही’, नंतर कळवत असू तर ‘येऊ शकली नाही’.

तर तो अर्ज असा सुरू व्हायला हवा होता :

‘प्रति, मा. मुख्याध्यापिका, (शाळेचे नाव, गाव). दि. १२ जुलै. विषय : कु. अ. ब. क., इयत्ता सहावी ब, हिला तीन दिवस रजा मिळण्याबाबत. महोदया, माझी मुलगी कु. अ. ब. क. आपल्या शाळेत इयत्ता सहावी ब मध्ये शिकते (हजेरी क्र. १७). तिला दि. ११ जुलैपासून ताप आहे. त्यामुळे दि. १२ ते १४ जुलै असे तीन दिवस ती शाळेत येऊ शकणार नाही. ती दि. १५ रोजी हजर होईल. तिची रजा मंजूर करावी, ही विनंती.’

यात ‘करतो’ किंवा ‘करते’ कुठेच नाही, हे लक्षात आले असेल.

पुढे त्या मुलीच्या लहान भावाला मी शिकवले. एकदा त्याची आई शाळेत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, ‘बाई, त्याला उद्या गावाला नेतो, रजा पाहिजे. लिहून आणलं नाही.’ मी कागद पुढे केला आणि म्हटले, ‘वहिनी, तुम्ही सांगा, मी लिहितो.’ ती हसली. माझ्या तोंडून ‘लिहितो’ आपसूक आले होते. मी नाव आणि तारखा लिहिल्या, सही तिने केली. तो कागद मी लाल पेन न लावता मुख्याध्यापिकांकडे पाठवला.