ध्वनिफितींची खतावणी



बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या इंग्रजी रेडिओ कार्यक्रमांचा कित्येक दशकांचा ध्वनिसंग्रह संगणकात उतरवण्यात आला, तेव्हा 50,000हून अधिक कार्यक्रम हाती आले. ते अखंड ऐकावयाचे म्हटल्यास सुमारे 3 वर्षे लागतील. रोज 8 तास ऐकणाऱ्यास 9 वर्षे! मात्र अनेक कार्यक्रमांविषयी शीर्षक व तारीख यांपलीकडे फारशी माहितीच नव्हती. माल गोदामात आहे, पण कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे कोणासच ठाऊक नाही, अशी ती अवस्था होती. 2012च्या सुमारास बीबीसीच्या संशोधन विभागाने त्यावर काढलेला मार्ग समजून घेण्यासारखा आहे.

पहिली पायरी म्हणजे बोललेल्याचे लिखित रूप करणे. त्यासाठी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित झालेली ‘स्फिंक्स’ ही वाणी ओळखणारी प्रणाली वापरण्यात आली. येथे प्रत्येक शब्दासोबत तो कितव्या सेकंदास उच्चारला गेला, हेही नोंदवले जाते. ही झाली रोजकीर्द. तिच्यावरून खतावणी करावयाची, म्हणजे प्रत्येक शब्दाचे स्वतंत्र खाते उघडून त्यात कार्यक्रम क्रमांक व सेकंद मांडावयाचे. मग ‘कापूस’ हा शब्द विचारताच संगणकास सर्व कार्यक्रम चाळावे लागत नाहीत. तो थेट कापसाचे खाते उघडतो.

परंतु रोजकीर्दच चुकीची असेल तर? खरी अडचण येथेच आहे. अशी प्रणाली आपल्या शब्दकोशात असलेलेच शब्द लिहू शकते. अपरिचित विशेषनाम आले की ती त्याच्या उच्चाराजवळचे माहितीतील शब्द जोडून देते. शिवाय, ती अमेरिकी बातम्यांच्या भाषेवर घडवलेली. वर्ल्ड सर्व्हिसवर तर जगभरच्या धाटणीची इंग्रजी बोलली जाई. परिणामी लेखन इतके सदोष झाले की ते वाचावयास देणे शक्य नव्हते.

येथे संशोधकांनी चतुराई केली, आणि या सर्व प्रयोगातील मोलाचा भाग हाच म्हणावा लागेल. निर्दोष लेखनाचा हट्ट सोडून त्यांनी केवळ कार्यक्रमाचा विषय शोधला. समजण्यासाठी मराठीतील एक कल्पित उदाहरण घेऊ. वक्ता ‘सातवाहन’ म्हणाला आणि यंत्राने ‘सात वाहन’ लिहिले. आता कार्यक्रम मोटारींचा समजावयाचा काय? त्याच लेखनात पैठण, नाणेघाट आणि शिलालेख हे शब्दही आहेत. विकिपीडियाच्या वर्गवारीत हे तिन्ही प्राचीन इतिहासाच्या जवळपास येतात. ‘वाहन’ मात्र एकटेच दूर राहते. परस्परांस दुजोरा देणाऱ्या शब्दांचे वजन वाढते, एकाकी शब्दाचे घटते. तसेच, प्रत्येक कार्यक्रमात येणाऱ्या ‘आज’, ‘आणि’ अशा शब्दांस जवळजवळ किंमत नसते. मोजक्याच कार्यक्रमांत येणारा शब्द विषयाचा खरा दर्शक ठरतो.

इतके करूनही चुका उरल्याच. म्हणून प्रयोगाच्या काळात नोंदणी केलेल्या श्रोत्यांना कार्यक्रम ऐकून यंत्राने सुचवलेले विषय योग्य की अयोग्य हे सांगण्याची, तसेच नवे विषय जोडण्याची सोय देण्यात आली.

दोष किती, हे कसे ओळखावे? ध्वनिफितीतील 5 मिनिटांचा तुकडा घेऊन तो हाताने लिहावा व यंत्राच्या लेखनाशी ताडावा. समजा, मूळ शब्द 600. त्यांपैकी 42 चुकले, 9 गळले आणि 9 नसलेले घुसले. एकूण दोष 60, म्हणजे शेकडा 10. आकडा समाधानकारक वाटतो खरा. पण तुकड्यातील 15 विशेषनामांपैकी 12 त्या 60 दोषांत असतील, तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही खतावणी जवळजवळ निरुपयोगीच. लोक बहुधा नावेच शोधतात. म्हणून नावांचा दोष वेगळा मोजावा.

मराठी ध्वनिफितींसाठी अशी सूची करावयाची झाल्यास आणखी एक पेच आहे, जो इंग्रजीत फारसा जाणवत नाही. ‘पुणे’ या खात्यात ‘पुण्यास’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याचा’ आपोआप जमा होत नाहीत. यंत्रास ते चार निराळे शब्द दिसतात. सामान्यरूपे व प्रत्यय ओळखून ती एका खात्यात आणावी लागतात. मात्र सरसकट प्रत्यय छाटल्यास अनर्थ होतो: ‘दिवाळीचा’मधील ‘चा’ काढणे योग्य, पण ‘खर्चा’चा ‘चा’ काढल्यास उरतो तो निरर्थक ‘खर्’. म्हणून आधी शब्दकोश, मग नियम.

आणि शोध रिता आला तर तो विषय संग्रहात नाहीच, असे धरू नये. यंत्राने तो शब्द भलताच लिहिलेला असू शकतो. अशा वेळी त्याच विषयाचे दुसरे दोन-तीन शब्द घालून पाहावेत आणि सापडलेल्या सेकंदाच्या थोडे आधीपासून मूळ ध्वनी ऐकावा.