सत्ताविसाचे एकवीस



व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं स्कॅन करून त्यांतली माहिती संगणकाकडून वाचून घ्यायची आणि ती हिशेबात चढवायची, हे माझं रोजचं काम. बिलावरच्या मजकुरात संगणकाने एखादं अक्षर चुकीचं वाचलं, तर फारसं बिघडत नाही. ‘साखर’ऐवजी ‘साखद’ आलं तरी माणूस समजून घेतो. पण नंबराला अर्थ नसतो. त्यातला एक आकडा बदलला की तो दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर होतो, किंवा कुणाचाच राहत नाही. विक्रेत्याचा जीएसटी नंबर असा चुकला, तर विक्रेत्याने सरकारकडे भरलेलं बिल आणि आपल्या वहीतलं बिल एकमेकांशी जुळत नाही आणि महिन्याच्या शेवटी कुणीतरी डोकं धरून बसतं.

सुदैवाने हा पंधरा जागांचा नंबर वाटेल तसा रचलेला नाही. पहिल्या दोन जागांवर राज्याचा कोड असतो. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढच्या दहा जागांवर पॅन येतो, म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे आणि पुन्हा एक अक्षर. तेरावी जागा त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगते. चौदाव्या जागी बहुतेक व्यापाऱ्यांच्या बाबतीत झेड असतो आणि पंधराव्या जागी पडताळ्याचं चिन्ह. अक्षर कुठे आणि आकडा कुठे, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे अर्धी लढाई इथेच जिंकता येते.

एक उदाहरण घेऊ. नंबर मी मुद्दाम बनवलेला आहे. पॅनमधले चार आकडे 0001 पासून सुरू होतात, म्हणून चार शून्यांचा हा पॅन कुणाचाही नसणार. बिलावर छापलंय 27AGSPB0000K1ZR. बिल थर्मल कागदावरचं, फिकट झालेलं, वर दुकानाचा शिक्का बसलेला. संगणकाने वाचलं 21AG5PB0O00K1ZR.

आता जागा तपासू. पाचव्या जागेवर अक्षर हवं, आलाय ५. पाचासारखं दिसणारं अक्षर म्हणजे एस. नवव्या जागी आकडा हवा, आलाय ओ, म्हणजे ते शून्य. या दोन दुरुस्त्या संगणक स्वतःच करू शकतो, कारण त्या जागी दुसरं काही बसतच नाही. पण सुरुवातीला २७ चे २१ झालेत, ते या चाळणीतून सहज निसटतात. दोन आकडे हवे होते, दोन आकडे आहेत. शिवाय २१ हा खरा कोड आहे, ओडिशाचा.

इथे शेवटचं चिन्ह कामाला येतं. शाळेत गुणाकार झाला की पडताळा घ्यायला लावत, तशातलाच हा प्रकार. आकड्यांची किंमत आहे तीच, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत झेड ३५. पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम जागांवरच्या किमती तशाच घ्यायच्या, सम जागांवरच्या दुप्पट करायच्या. दुप्पट ३६ किंवा जास्त झाली, तर तिला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. आपल्या नंबरात बाराव्या जागी के आहे, किंमत २०. दुप्पट ४०, भागाकार १, बाकी ४, म्हणून तिथे धरायचे ५. अशी पहिल्या चौदा जागांची बेरीज खऱ्या नंबरात येते १५३. तिला ३६ ने भागलं की बाकी ९. छत्तीसातून नऊ गेले, उरले २७, आणि २७ किमतीचं अक्षर आर. बिलावरही आरच आहे.

चुकीच्या वाचनात काय होतं? दुसऱ्या जागी सातऐवजी एक आला. ती जागा दुपटीची, म्हणून चौदाऐवजी दोनच मिळाले. बेरीज बाराने घटून १४१ झाली, बाकी ३३, आणि पडताळ्याचं चिन्ह यायला हवं ३. वाचलंय तर आर. चूक पकडली गेली. कुठल्याही एकाच जागेवरची चूक या हिशेबातून सुटत नाही. शेजारच्या दोन चिन्हांची अदलाबदलही पकडली जाते, अपवाद फक्त एका जोडीचा, शून्य आणि झेड. आणि ती जोडी उलटी झाली की अक्षराच्या जागी आकडा येतो, म्हणून तिला जागांची चाळणी अडवते. मला ही गोष्ट उगाचच आवडते.

पण पडताळा फक्त ‘चूक आहे’ एवढंच म्हणतो, कुठे आहे ते सांगत नाही. उत्साही माणूस इथे फसतो. तो संगणकाला सांगतो, सारखी दिसणारी चिन्हं बदलून बघ आणि पडताळा जुळला की थांब. आपल्याच उदाहरणात करून पाहा. २१ चे २७ केले की जुळतं. पण चार शून्यांपैकी पहिल्याच्या जागी ६ ठेवला, तरी तेच बारा वाढतात आणि तेही जुळतं. तिसऱ्या शून्याचंही तसंच. फिकट कागदावर शून्य आणि सहा यांत फरक किती राहतो? म्हणजे तीन उमेदवार, तिघांचेही कागद नीट. अशा वेळी बिलावरचाच दुसरा पुरावा शोधायचा. विक्रेत्याच्या पत्त्याखाली ‘महाराष्ट्र, कोड २७’ असं छापलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल, तर नंबर माणसापुढे ठेवायचा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याचं नाव बघायचं.

याहून वाईट सवय मी पाहिली आहे. पडताळा जुळत नाही ना, मग शेवटचं चिन्हच हिशेबाने काढून बसवून टाकायचं. त्याने चुकीच्या नंबरालाही शुद्धतेचा दाखला मिळतो आणि पुढे कुणाला शंकाही येत नाही. नंबरात दोन चुका एकदम झाल्या असतील, तर त्या एकमेकींना झाकून जाण्याची शक्यता साधारण छत्तिसात एक. बिलांचा गठ्ठा मोठा आणि स्कॅन खराब असेल, तर ती कमी नाही.

उलट्या बाजूचीही काळजी घ्यावी लागते. चाळणी फार घट्ट केली की खरे नंबर अडकतात. करकपात करणाऱ्या सरकारी कार्यालयांच्या नंबरात चौदाव्या जागी झेड नसून डी असतो. ‘झेड नाही म्हणजे चूक’ असा नियम लिहिला, की यांची बिलं उगाच परत येतात.

आणि एक चूक अशी, जी या दोन्ही चाळण्यांना दिसत नाही. एकाच बिलावर दोन जीएसटी नंबर असतात, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. संगणकाने विक्रेत्याच्या रकान्यात घेणाऱ्याचा नंबर उचलला, तर एकही अक्षर चुकलेलं नसतं. जागा बरोबर, पडताळा बरोबर, आणि आमचा व्यापारी स्वतःकडूनच माल घेत असलेला दिसतो. म्हणून आता आलेला प्रत्येक नंबर मी सगळ्यात आधी त्या व्यापाऱ्याच्या स्वतःच्या नंबराशी ताडून बघतो. बेरीज त्यानंतर.