पोरीचा पगार : आधी अडीनडीचे पैसे की म्हातारपणाचे?

(प्रभागसंघाच्या सभेत मुंबईहून, परळच्या भोईवाड्यातून आलेल्या ताईंनी केलेले भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून जसेच्या तसे छापत आहोत.)



आपल्या गावातल्या बऱ्याच पोरी-पोरं आता मुंबईला कामाला आहेत. कोणी परळ-लोअर परळच्या दुकानात, कोणी ऑफिसात हाऊसकीपिंगला. पगार बारा-चौदा हजार. महिन्याला दोन हजार मागे पडले की घरात प्रश्न येतो, हे ठेवायचे कुठे? एजंट म्हणतो, पेन्शनची पॉलिसी काढ, आत्ताच सुरू केलीस तर म्हातारपणी चांगली रक्कम मिळेल. आई म्हणते, अगं आधी हाताशी चार पैसे तर ठेव. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण आधी काय, नंतर काय, हा क्रम चुकला की दोन्ही जातं. आज तेवढंच सांगणार आहे.

आमचा भोईवाडा म्हणजे गिरणगाव. तुमच्यापैकी कित्येकींचे सासरे, चुलते तिथल्या गिरणीत होते आणि गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आता हे नीट ऐका. या माणसांकडे म्हातारपणाची सोय नव्हती असं नाही. प्रॉव्हिडंट फंड होता, ग्रॅच्युइटी होती. नव्हता तो पुढच्या महिन्याचा किराणा. फंडाचे पैसे होते, पण ते नोकरीला बांधलेले. मग काय झालं? आधी वाण्याकडे उधारी, मग बायकोचं मंगळसूत्र, मग सावकार. शेवटी कित्येकांनी नोकरीचा हिशेब घेतला. म्हातारपणासाठी साठवलेला फंड ऐन चाळिशीत हातात आला आणि बराचसा देणी भागवण्यात गेला. मुद्दा असा, की हाताशी पैसा नसला तर अडचण म्हातारपणाचाही पैसा खाते.

खाणावळवाल्या बायकांचंही तसंच. कामगार महिनाभर जेवणार, पैसे पगाराला देणार. तोवर धान्य सावकाराच्या पैशाने आणायचं. गिरणी बंद पडली की येणं थांबायचं, व्याज काही थांबायचं नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देऊन आधी सावकारापासून सोडवलं. भविष्याच्या गोष्टी त्यानंतरच्या.

आता आजचा हिशेब करू. समजा आपल्यातल्याच एकीची मुलगी आहे, तिला सुजाता म्हणू. वय २५. लोअर परळला मोठ्या दुकानात कामाला, राहते भोईवाड्यात मामाकडे. पगार १४,००० रुपये. त्यातून फंडाचे १२ टक्के, म्हणजे १,६८० कापले जातात आणि ईएसआयचे १०५. हातात येतात १२,२१५.

मामीला जेवणाखाण्याचे ३,०००. गावाला आईला ३,०००. दुपारचं खाणं १,५००, प्रवास ६००, मोबाइल ३००, कपडे-साबण-औषध १,२००. झाले ९,६००. गावाला येण्या-जाण्यासाठी आणि सणासाठी ६०० बाजूला. राहिले साधारण २,०००.

आता पहिली गोष्ट, जी बहुतेक पोरींना माहीतच नसते. सुजाताचं म्हातारपण अगोदरच सुरू झालंय. तिचे १,६८० कापले जातात आणि मालकही तेवढेच भरतो. त्याच्या भागातले काही पेन्शन खात्यात जातात, बाकीचे फंडात. म्हणजे महिन्याला ३,३६० रुपये म्हातारपणासाठी पडतच आहेत. त्यावर एजंट आणखी दोन हजार मागतो तेव्हा तिने विचारावं, उद्यासाठी माझ्याकडे काय आहे?

उद्यासाठी किती लागतात ते असं काढा. पगार थांबला तर कुठले खर्च थांबत नाहीत? मामीचे ३,०००, आईचे ३,०००, मोबाइल ३००, नवीन काम शोधायला प्रवास ६००, साबण-औषध ५००. एकूण ७,४००. हा तिचा 'न थांबणारा खर्च'. राखीव रक्कम पगारावरून नाही, यावरून धरायची. असे तीन महिने म्हणजे २२,२००. दरमहा दोन हजार टाकले तर वर्षभरात जमतात. पहिल्या महिन्याएवढे तर चार महिन्यांतच होतात.

आता समजा सहा महिने झाले आणि दुकान दुरुस्तीसाठी दोन महिने बंद राहिलं, बिनपगारी. दोन महिन्यांचा न थांबणारा खर्च १४,८००.

एक सुजाता अशी, जिने दोन-दोन हजार बाजूला ठेवले. तिच्याकडे १२,००० आहेत. कमी पडले २,८००. ते आईने गटातून महिना दोन टक्क्यांनी उचलले, व्याज महिन्याला ५६ रुपये. दोन महिन्यांत फिटले.

दुसरी सुजाता अशी, जिने तेच पैसे पेन्शनच्या पॉलिसीत भरले. सुरुवातीलाच पॉलिसी मोडली तर भरलेल्यातले फार थोडे मिळतात, कधी काहीच नाही. तिने १४,८०० सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी घेतले. पहिल्याच महिन्याचं व्याज ७४०. काम सुरू झाल्यावर ती दरमहा दोन हजार फेडते, तरी जवळपास दहा महिने जातात आणि व्याजापायी ४,१०० च्या वर जातात. तेवढे दिवस पॉलिसीचा हप्ताही बंद. म्हातारपणाची बचत आधी केली आणि तीच बुडाली. पॉलिसीऐवजी वर्षाला आठ टक्के देणाऱ्या ठिकाणी १२,००० वर्षभर ठेवले असते, तरी मिळाले असते ९६०. सावकाराचे पाच टक्के महिन्याचे असतात, वर्षाचे साठ. आठ मिळवायला जाऊन साठ भरायचे, हा हिशेब कुणाला परवडणार?

कोणी म्हणेल, ताई, पण उशीर केला तर पेन्शन महाग पडते. बरोबर आहे. किती महाग ते बघू. अटल पेन्शन योजना घ्या. १८ ते ४० वयात, आयकर न भरणाऱ्याला बँकेत किंवा पोस्टात घेता येते. साठीनंतर महिना ५,००० पेन्शन हवी तर २५ व्या वर्षी हप्ता ३७६ रुपये, २६ व्या वर्षी ४०९. एका वर्षाच्या उशिराची किंमत महिन्याला ३३ रुपये. ती साठीपर्यंत भरावी लागते, म्हणून फुकट नाही. पण सावकाराच्या पहिल्या महिन्याच्या ७४० पुढे ती झेपणारी आहे. आणि ज्यांना अगदीच थांबायचं नाही त्यांनी १,००० रुपये पेन्शनपासून सुरुवात करावी, २५ व्या वर्षी हप्ता फक्त ७६. पुढे वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम वाढवता येते, तेव्हा मागचा फरक भरावा लागतो. एक ध्यानात ठेवा, आजचे ५,००० आणि पस्तीस वर्षांनंतरचे ५,००० सारखे नसणार. म्हणून फक्त अटलवर विसंबू नका.

तर क्रम असा. डोक्यावर सावकाराचं कर्ज असेल तर आधी ते फेडायचं. मग एका महिन्याचा न थांबणारा खर्च जमवायचा. तो जमला की अटलचा छोटा हप्ता सुरू करायचा. मग तीन महिन्यांची रक्कम पुरी करायची. ती झाली की ते दोन हजार म्हातारपणाकडे वळवायचे. जिथे फंड कापला जात नाही, घरकाम किंवा छोटं दुकान, तिथेही क्रम हाच. फक्त शेवटची पायरी पुढे ढकलायची नाही, कारण तिच्यासाठी मालक काही भरत नाही.

आणि फंड नको म्हणायचं नाही. 'कापू नका, हातात द्या' असं काही पोरी म्हणतात. त्यात मालकाचा वाटाही जातो. नोकरी बदलली की फंड काढून मोबाइल घेणं, हाही तोटाच. फंडाच्या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते आणि मधे पैसे काढले की ती वर्षं तुटतात. जुना यूएएन नंबर नव्या मालकाला द्यायचा, म्हणजे खातं पुढे चालतं. पगाराच्या कागदावर कपात दिसते, पण पैसे भरलेच जात नाहीत, असंही होतं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यायचा. शिल्लक मेसेजने येते. आकडा वाढत नसेल तर फंडाच्या कार्यालयात तक्रार करायची.

ईएसआय कापला जातो तिला उपचार मिळतात. आमच्या परळलाच त्यांचं महात्मा गांधी रुग्णालय आहे. आजारपणाच्या रजेत पगाराचे ७० टक्केही मिळतात, पण त्याला नोकरीच्या दिवसांची अट आहे आणि पैसे लगेच हातात पडत नाहीत. म्हणून ईएसआय असला तरी एका महिन्याची रक्कम हवीच. ईएसआय नाही तिने तीनऐवजी चार महिन्यांची धरावी.

हे पैसे ठेवायचे कुठे? पगाराच्या खात्यात नको. वेगळं बचत खातं, पोस्टाचं चालेल, आणि ते मोबाइलवरच्या पैसे द्यायच्या अ‍ॅपला जोडायचं नाही. भिशीत नको. अडचण आपला नंबर लागायची वाट बघत नाही. सोन्यात नको, मजुरी जाते. आणि मैत्रिणींनो, हे जरा अवघड वाटेल, पण आपल्या गटातली बचत म्हणजेही राखीव रक्कम नाही. ती कर्जाने फिरत असते, म्हणून तर तिला व्याज येतं. ज्या दिवशी तुम्हाला हवी त्या दिवशी ती दुसरीच्या शेळीत किंवा शिलाई मशीनमध्ये असणार. गट दुसरी फळी आहे. पहिली फळी आपल्या नावावरचं खातं.

अडचण कशाला म्हणायचं, तेही घरात आधी ठरवा. पगार थांबला, दवाखाना लागला, अचानक गाव गाठावं लागलं, ही अडचण. गणपती अडचण नाही, त्याची तारीख वर्षभर आधी कळते. चुलतबहिणीचं लग्न अडचण नाही. भावाला गाडी घ्यायचीय ती तर नाहीच. त्यासाठी वेगळं साठवा. आणि त्या खात्यातून काढले, तर पेन्शन वाढवायच्या आधी खड्डा भरायचा.

शेवटी आयांना एक सांगते. पोरगी तीन हजार पाठवते, ते पाठवूच देत. पण पहिली चार महिने त्यातले पाचशे कमी पाठव म्हणून तिला आपणहून सांगता आलं, तर तिची एका महिन्याची रक्कम महिनाभर आधी पुरी होते. पुढच्या मासिक सभेला येताना प्रत्येकीने आपल्या मुलीचा न थांबणारा खर्च कागदावर लिहून आणा. तोंडी नको, कागदावर. तिथून सुरुवात करू.