जोडाखालची फूट

उमराण बोरीचं कलम लावलंय ना? मग आधी जोड बघा. खुंट आणि डोळ्याची साल एकसंध भरलेली हवी. थोडा फुगवटा चालतो. भेग, काळी पडलेली साल किंवा हलणारा जोड म्हणजे कलम कच्चं. प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतत असेल, तर डोळ्याच्या विरुद्ध बाजूनं ब्लेडनं कापा.

आता फुटवे. पानावरून ओळखण्याच्या भानगडीत पडू नका, गावठी फूटही कोवळेपणी फसवते. माती बाजूला सारून फूट कुठून निघाली ते पाहा. जोडाखालून आली असेल, तर ती खुंटाचीच. कोवळी असतानाच बुडाशी धरून खाली ओढून काढा. वरवर छाटलीत, तर तिथूनच दोन-तीन नव्या फुटतात. जून झालेली मात्र खोडालगत कापावी. पण वरचा डोळाच वाळला असेल, तर एक जोमदार फूट राखा, पुढं तिच्यावरच डोळा भरता येतो.