वळणावळणाची वाट
(शालेय व्यवसाय मार्गदर्शन दिनानिमित्त केलेले भाषण)



शाळा सोडताना एकदा दिशा निवडली की आयुष्यभर त्याच सरळ रेषेने चालावयाचे, अशी अनेकांची समजूत असते. दादासाहेब फाळके यांचे चरित्र या समजुतीला छेद देते.

१८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळके यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा स्टुडिओ थाटला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले आणि तो व्यवसाय सुटला. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. नंतर लोणावळ्यास छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीसही जाऊन आले. मात्र भागीदारांशी मतभेद होऊन तो छापखानाही सोडावा लागला. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती. कोणाही शेजाऱ्याने या गृहस्थास अस्थिर म्हटले असते.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकचित्रपट पाहिला आणि आपणही चित्रपट काढावयाचा, असे ठरविले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र पाहून घेतले आणि कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीची चित्रे ते ठरावीक अंतराने घेत गेले. पडद्यावर अंकुर क्षणार्धात वाढताना दिसला आणि कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, तसेच कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे कामही केले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला.

आता मागे वळून पाहा. देखावे रंगविण्यास चित्रकला उपयोगी पडली. कॅमेरा आणि फिल्म धुण्याची रसायने हाताळताना छायाचित्रणाचा अनुभव कामी आला. यंत्रे मागविणे, माणसे जमविणे आणि हिशेब राखणे हे छापखान्याने शिकविले होते. हुद्दे सुटले, पण हातातली विद्या सुटली नाही.

तथापि प्रत्येक वळण सुखाचे नसते. १९३१ मध्ये भारतात बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस सरले. फाळके यांचा ‘गंगावतरण’ हा बोलपट १९३७ मध्ये निघाला. तोच त्यांचा अखेरचा ठरला. १९४४ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले. जुने कौशल्य नव्या काळात प्रत्येक वेळी पुरे पडतेच असे नाही.

म्हणून वाट बदलण्याची वेळ आली, तर दोन गोष्टी कराव्यात. आजवरच्या कामातून हाताशी आलेल्या कौशल्यांची यादी करावी, आणि सर्वस्व पणाला लावण्याआधी वाटाण्याच्या अंकुरासारखा एक छोटा प्रयोग करून पाहावा.