कुलपात तुटलेली किल्ली

(संस्थेच्या रविवार सकाळच्या ‘घरातली छोटी दुरुस्ती’ या उपक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)

सेक्रेटरी साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. टूलरूममध्ये फिटर म्हणून नोकरी झाली, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचं लॅच अडकलं की माझ्या दाराची बेल वाजते. आज बोलायचंय ते एकाच गोष्टीवर. किल्ली कुलपात तुटली, अर्धी हातात आणि अर्धी आत, तर सिलिंडर न बिघडवता आतला तुकडा काढायचा कसा?

मागच्या पावसाळ्यात आपल्याच विंगमध्ये झालेला प्रसंग सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आईचं औषध आणायला खाली गेला. आई अंथरुणाला खिळलेली, उठून दारापर्यंत येणं शक्य नाही, म्हणून त्याने जाताना बाहेरून किल्लीने दार लावलं. परत आला, किल्ली फिरवली आणि पाव फेऱ्यातच ती मोडली. आत आई, गॅसवर मंद आचेवर पेज. मी वर पोचेपर्यंत एकजण चिमटा घेऊन तुकडा ओढत होता, दुसरा हातोडी आणायला गेला होता आणि तिसरा फेविक्विकची ट्यूब उघडत होता.

मी पहिल्यांदा सगळ्यांना हात काढायला सांगितलं. कारण त्या क्षणी तुकडा बाहेर काढायचाच नव्हता. हे जरा उलटं वाटेल, पण कुलपाचं पोट समजलं की लगेच पटतं.

आपल्या दारांना जी कुलपं आहेत त्यांच्यात एक गोल भाग किल्लीबरोबर फिरतो आणि त्याच्याभोवती न फिरणारं घर असतं. घरातून त्या गोल भागात पाच-सहा बारीक पिना स्प्रिंगने दाबलेल्या असतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. किल्ली नसताना पिना अर्ध्या घरात, अर्ध्या गोल भागात, म्हणून तो फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिचे खाचखळगे प्रत्येक पिनेला नेमक्या उंचीवर आणतात. दोन तुकड्यांमधला सांधा बरोबर कडेला येतो आणि गोल भाग मोकळा होतो.

आता बघा, हे काम किल्लीचं पातं करतं. मूठ फक्त फिरवायला असते. किल्ली गळ्याशी मोडली आणि पातं जागच्या जागी राहिलं, तर कुलपाच्या दृष्टीने किल्ली अजून आतच आहे. मूठ तेवढी गेली. ते पातं एक-दोन मिलिमीटर जरी सरकलं, तरी पिना आपली उंची सोडतात आणि मग खरोखर दार बंद. म्हणून बाहेर अडकलात आणि डुप्लिकेट हाताशी नसेल, तर आधी दार उघडायचं, तुकडा नंतर. डुप्लिकेट शेजारी ठेवलेली असेल, तर मात्र आधी तुकडा काढा आणि डुप्लिकेटने उघडा.

त्या दिवशी डुप्लिकेट घरातच होती. मी टॉर्च मारून पाहिलं. भोकाच्या तोंडापासून साधारण तीन मिलिमीटर आत पितळेची चकाकी दिसत होती, आणि भोक उभं नव्हतं, तिरकं होतं. म्हणजे पाव फेरा झालेला. या अवस्थेत चिमट्याने कितीही ओढा, तुकडा येणार नाही. गोल भाग फिरलेला असताना पिनांना वर सरकायला जागा नसते, त्या किल्लीच्या खाचांत घट्ट बसून तिला धरून ठेवतात. चालू कुलपातही अर्ध्यात फिरवलेली किल्ली काढता येत नाही, तुम्ही रोज पाहता. ओढणाऱ्याला वाटतं की तुकडा अडकलाय, जोर लावू या. तिथेच भोकाच्या कडा फाटतात.

आमचा फायदा असा की तिरक्या अवस्थेत तो आत-बाहेरही सरकत नाही. मी साधा लाइटचा टेस्टर घेतला. त्याचं चपटं टोक भोकाच्या रिकाम्या तीन मिलिमीटरमध्ये बसलं. टोक तुकड्यावर दाबायचं नाही, फक्त भोकाच्या दोन भिंतींना पकडून फिरवायचं. पण फिरेना. कारण दार पावसाने फुगलं होतं आणि चौकटीत दाबून बसलं होतं. आतला बोल्ट चौकटीच्या पट्टीला घासत होता. किल्ली मोडली तीही याच जोराने. मग त्या मुलाला मी दार दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून धरायला सांगितलं. बोल्टवरचा भार सुटला आणि तोच टेस्टर दोन बोटांनी फिरला. पूर्ण फेऱ्याला भोक क्षणभर उभं होतं, तिथे बारीक ‘टिक’ जाणवते. तेवढ्या क्षणी हात अगदी हलका ठेवायचा, कारण तेव्हा तुकडा आत ढकलला जाऊ शकतो. दोन फेरे झाले, दार उघडलं. मुलगा आधी गॅसकडे धावला. पेज तळाला लागली होती, बाकी सगळं ठीक.

मग सावकाश तुकडा काढायला बसलो. आता घाई नव्हती, आणि काढण्याच्या कामाला ती नसलेलीच बरी.

पहिलं काम, भोक परत उभं करणं. ज्या स्थितीत तुम्ही रोज किल्ली घालता-काढता, बरोबर त्या स्थितीत. थोडं जरी तिरकं राहिलं तरी पिना धरून ठेवतात. तुकडा हलत नाही असं दिसलं की नव्वद टक्के वेळा मी आधी हेच तपासतो.

दुसरं, थोडं निसरडं करणं. कुलपांसाठीचा ग्रॅफाइट स्प्रे असेल तर एक फवारा. नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून त्याची पूड भोकात फुंकायची. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंबही चालतो, पण तेल आणि पूड दोन्ही नको, आत काळा चिखल होतो. खोबरेल तेल अजिबात नको. थंडीत ते गोठतं आणि त्यात धूळ बसते. काकू, तुमच्याकडे बघून बोलत नाहीये!

आणि हत्यार. गणपतीच्या मखरासाठी मुलं प्लायवूड कापतात ना, त्या फ्रेटसॉचं पातं. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. सगळ्यात बारीक मागायचं. त्यावरून बोट हलकं फिरवून दात्यांची दिशा ओळखा. आपल्याला दाते असे हवेत की आत जाताना घसरतील आणि स्वतःकडे ओढताना पकडतील. उलटं धरलं तर तेच पातं तुकडा आणखी आत नेईल. मागच्या टोकाला चिकटपट्टीचे चार वेढे द्या, नाहीतर बोटं कापतात.

पातं घालायचं किल्लीच्या खाचांच्या बाजूने. काही दारांना खाचा वर असतात, काहींना खाली. मोडलेल्या मुठीवरून आणि गळ्यावरून ते कळतं. किल्लीच्या कडेला चिकटून, पिनांच्या बाजूने पातं अलगद सरकवा. एक-दीड सेंटिमीटर गेलं की पुरे. मग ते किंचित पिळा, म्हणजे दाते पितळेत रुततात, आणि सरळ स्वतःकडे ओढा. झटका नाही. घसरलं तर परत घाला. त्या दिवशी माझं सातेक वेळा घसरलं. मग ‘टिक’ आवाज आला. एक पिन खाचेतून चढून पुढच्या खाचेत पडली की असा आवाज येतो. पहिली टिक ही सर्वात अवघड, कारण साऱ्या पिना एकदम वर चढाव्या लागतात. ती ऐकू आली की तुकडा येणार हे नक्की. टोक दोन मिलिमीटर बाहेर आल्यावर चिमट्याने धरलं. त्याआधी चिमटा वापरू नका, त्याच्या जाड टोकांनी तुकडाच आत जातो.

लोहचुंबक लावून बघू का, असं मला नेहमी विचारतात. किल्ली पितळेची असते, चुंबकाला ती दिसतसुद्धा नाही. आणि फेविक्विक? काडीला लावून आत घातलं की तो थेंब तुकड्याला चिकटायच्या आधी भोकाच्या भिंतीला आणि पिनांना चिकटतो. असं सिलिंडर मी एकदा सोडवायला घेतलं होतं. तीन तास घालवून शेवटी फेकलं. मुठीचा भाग परत भोकात घालून दाबणं हेही तसंच, तुकडा खोल जातो.

अर्ध्या तासात एकही टिक आली नाही, किंवा करवतीचं पातंच आत तुटलं, तर थांबा. दार उघडं असेल तर एक उपाय उरतो. दाराच्या जाडीकडच्या बाजूला, कुलपाच्या पट्टीवर, सिलिंडरच्या उंचीला एक लांब स्क्रू असतो. तो काढला आणि आतली जीभ टेस्टरने थोडी फिरवून सिलिंडरच्या सरळ रेषेत आणली की ते बाहेर सरकतं. मग ते तोंड खाली करून लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोका. कधी कधी तुकडा आपोआप घसरतो. फिरणारा गोल भाग मात्र ओढून काढू नका. पिना आणि स्प्रिंगा जमिनीवर सांडल्या की त्या कोणत्या क्रमाने होत्या हे कुणाला सांगता येत नाही. लांब स्क्रू नसलेल्या जुन्या नाइट लॅचना हे लागू नाही, तिथे किल्लीवाल्यालाच बोलवा.

आता तो तुकडा हातात घेऊन मी त्या मुलाला मोडलेली बाजू दाखवली. अर्धी कड काळपट होती, अर्धी सोन्यासारखी चकचकीत. काळपट म्हणजे तिथे तडा बऱ्याच दिवसांपूर्वी गेला होता, हवा लागून जुना झाला होता. चकचकीत तेवढी त्या दिवशी मोडली. बहुतेक किल्ल्या अशाच तुटतात, सर्वात खोल खाचेपाशी किंवा गळ्याशी, हळूहळू. आणि जोर कुठून येतो? किल्ली धरूनच दार ओढायची आपल्याला सवय असते. पावसात दार फुगलं की त्या पातळ गळ्यावर सगळा भार. घरी गेल्यावर किल्ली उजेडात धरून गळ्याशी आणि खोल खाचांपाशी केसासारखी रेघ दिसते का पाहा. दिसली तर ती किल्ली बाजूला ठेवा.

नवी करून घेताना दोन्ही तुकडे किल्लीवाल्याकडे न्या. जोडून धरले की खाचा उतरवता येतात. मूळ किल्ली घरात असेल तर तिच्यावरूनच करा. डुप्लिकेटची डुप्लिकेट करत गेलं की प्रत्येक वेळी खाच थोडी चुकते, मग पिना नीट बसत नाहीत, मग आपण जोर लावतो. आणि नवी किल्ली आणली की कानशीने किंवा बारीक पॉलिशपेपरने कडेचे खरखरीत कण काढून टाका, नाहीतर तेच कण कुलपात साठतात.

त्या मुलाच्या दाराचा फुगलेला भाग सुताराने नंतर रंधून दिला. फ्रेटसॉची दोन पाती आणि एक टेस्टर मी ऑफिसमधल्या चाव्यांच्या कपाटात ठेवले आहेत. वॉचमनला माहीत आहे. वापरून झालं की परत ठेवा, एवढीच विनंती. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि ज्यांनी आपापली कुलपं पिशवीतून आणली आहेत त्यांनी पुढे टेबलाशी या.