नॉमिनी म्हणजे मालक नव्हे



समजा, एका हिंदू शेतकऱ्याच्या बँक खात्यात 1,20,000 रुपये आहेत. लग्नाआधी त्यानं नॉमिनी म्हणून भावाचं नाव घातलं, पुढे बदलायचं राहून गेलं. मृत्युपत्र न करताच तो वारला. बँक पैसे भावाच्याच हाती देईल. पण भाऊ नुसता सांभाळणारा. आई, बायको, मुलगा, मुलगी हे चार वारस. प्रत्येकाचा हक्क 30,000 रुपयांवर. भावानं पैसे दिले नाहीत, तर त्यांना दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागेल.

आयुर्विम्यात मात्र 2015 च्या कायदा-दुरुस्तीनुसार आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रक्कम सहसा त्यांचीच होते, भाऊ-पुतण्याची नाही.

तेव्हा बँकेत जाऊन जुनं नाव बदलून घ्या, आणि पैसे ठरावीक माणसालाच द्यायचे असतील तर मृत्युपत्र करा.